थंब द्यायच्या आधी ॲग्रीमेंट कसं वाचायचं: लॉक-इन, मेंटेनन्स आणि तुमचं डिपॉझिट

प्रश्न: वाकडला टू बीएचके फायनल केलाय. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार, १ जूनपासून ११ महिने. एजंटने लिव्ह अँड लायसन्सचा ड्राफ्ट व्हॉट्सॲपवर टाकलाय, परवा थंब घ्यायला माणूस येणार म्हणे. त्यात ६ महिने लॉक-इन आहे आणि मेंटेनन्स "ॲज ॲप्लिकेबल" लिहिलंय. एजंट म्हणतो स्टँडर्ड फॉरमॅट आहे, वाचण्यासारखं काही नाही. सर, सही करण्याआधी नक्की कोणते क्लॉज बघू?

उत्तर:

एजंट अर्धं खरं बोलतोय. ऑनलाइन रजिस्ट्रेशनचा साचा खरंच सगळ्यांचा जवळपास सारखा असतो. मुदत, भाडं आणि डिपॉझिट, मेंटेनन्स, लाईट बिल, वापर, बदल, पाहणी, रद्द करणं, ताबा असे ठरलेले मथळे येतात आणि शेवटी वस्तूंची यादी. पण त्या साच्यात रिकाम्या जागा असतात, काही ओळी बदलता येतात आणि वरून "मिसलेनियस" नावाखाली वाट्टेल ते टाइप करता येतं. मालकाच्या डोक्यात जे असतं ते सगळं तिथे जाऊन बसतं, त्यामुळे मी कुणाचाही ड्राफ्ट आधी तिथून वाचायला घेतो आणि मग वर जातो.

आणि वाचताना मनात एकच प्रश्न ठेवा, समजा चार महिन्यांनी मला हे घर सोडावं लागलं तर माझ्या ७५ हजारातले किती परत येतील? घरात शिरताना सगळे गोड असतात, भांडण होतं ते निघताना, आणि निघताना पैसे मालकाच्या खात्यात असतात, तुमच्या नाही. लॉक-इन घ्या, मेंटेनन्स घ्या, पेंटिंग घ्या, सगळे क्लॉज शेवटी त्या डिपॉझिटमधूनच वसूल होतात.

आधी दोन मिनिटं कायद्याचं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आपण सगळे याला "भाडेकरार" म्हणतो पण कागदावर तुम्ही भाडेकरू नाही आहात, लायसन्सी आहात, म्हणजे मालकाने तुम्हाला ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी दिलीय एवढंच, घरात तुमचा हक्क तयार होत नाही. मालक लोक मुद्दाम हेच करतात आणि महाराष्ट्रात ते कायदेशीर आहे, त्यात फसवणूक वगैरे काही नाही. पण याचा अर्थ असा की भाडेकरूला कायद्याने आपोआप मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला मिळतीलच असं धरून चालू नका, जे हवं ते लिहून घ्या. दुसरं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "११ महिन्यांचाच आहे, नोटरी करून टाकू" हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, दुसऱ्या राज्यांत चालतही असेल, आपल्याकडे नाही. रजिस्टर केलं नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झालाच तर अटींबद्दल तुम्ही जे सांगाल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं.

पण रजिस्टर केलं की उलटी बाजू चालू होते. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट आहे की लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय ते त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. म्हणजे मालक काका चहा पाजताना म्हणाले "अहो बदली झाली तर सांगा, मी काय पैसे कापणारे का" आणि करारात सहा महिने लॉक-इन आहे, तर त्या चहाला अर्थ नाही. म्हणून थंबच्या आधी.

आता लॉक-इन.

सगळीकडे फिरणारा लॉक-इन क्लॉज साधारण असा असतो, की इतके महिने मालक घर सोडायला सांगणार नाही आणि लायसन्सी स्वतःहून सोडणार नाही, तरीही लायसन्सीने कुठल्याही कारणाने सोडलं तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं त्याने द्यायचं, आणि मालकाने काढलं तर झालेल्या नुकसानीची आणि गैरसोयीची भरपाई मालक देईल. वरवर वाचलं तर दोघांना सारखं वाटतं. नीट बघा. तुमच्या बाजूला आकडा आहे, उरलेले महिने गुणिले भाडं. मालकाच्या बाजूला आकडाच नाही, "भरपाई", किती ते देवाला माहीत. तुमचे पैसे तर त्याच्याकडेच आहेत म्हणून तो कापून मोकळा, आणि तुम्हाला भरपाई हवी तर तुम्ही नोटीस पाठवा, वकील करा. म्हणून पहिली दुरुस्ती हीच सुचवा, की मालकाने लॉक-इनमध्ये काढलं तर त्यानेही तेवढ्याच रकमेची भरपाई द्यायची, शिवाय पूर्ण डिपॉझिट. आणि काही ड्राफ्टमध्ये ही दुसरी बाजू उडवलेलीच असते, लॉक-इन फक्त लायसन्सीला आणि मालकाला एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही रद्द करायची मोकळीक. तसं असेल तर त्याला लॉक-इन म्हणायचंच नाही.

दुसरी गोष्ट लोक हमखास नजरेआड करतात ती म्हणजे लॉक-इन आणि नोटीस एकमेकांना कसे जोडलेत. "सहा महिने लॉक-इन, नोटीस एक महिना" म्हटलं की आपल्याला वाटतं पाचव्या महिन्याच्या शेवटी नोटीस दिली की सहावा संपला की मोकळे. पण ड्राफ्टमध्ये जर "लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन" असं असेल तर मालक म्हणू शकतो की नोटीस द्यायचा हक्कच सहा महिन्यांनंतर सुरू होतो, म्हणजे प्रत्यक्षात सात महिने. नोटीस दोन महिन्यांची असेल तर आठ. अकरा महिन्यांच्या करारात आठ महिने बांधून घेतलं तर उरलं काय. आणि लॉक-इन अकराच्या अकरा महिने लिहिलेलेही ड्राफ्ट मी बघतो, तिथे नोटीसचा क्लॉज खाली छापलेला असतो पण त्याचा उपयोग शून्य.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो म्हणजे लक्षात येईल. करार १ जूनपासून, लॉक-इन ३० नोव्हेंबरपर्यंत. समजा कंपनीने बंगलोरला पाठवलं, तुम्ही १ सप्टेंबरला लेखी नोटीस दिली आणि ३० सप्टेंबरला घर रिकामं करून किल्ली दिली. चार महिन्यांचं भाडं पूर्ण भरलेलं आहे.

वर सांगितलेला नेहमीचा क्लॉज असेल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, म्हणजे ४८ हजार कापले जातील, हातात २७ हजार. त्यातून पेंटिंग आणि क्लीनिंग वेगळं. "लॉक-इननंतर नोटीस" वाली शब्दरचना असेल आणि मालक अडून बसला तर तो डिसेंबरही मोजेल, ७२ हजार गेले, तीन हजार उरले, आणि त्या तीन हजारात पेंटिंग बसत नाही म्हणून उलट तुमच्याकडेच मागणी येईल. एक महिनाही कमी-जास्त राहिला नाहीत तुम्ही, फक्त दोन-तीन शब्दांचा फरक.

आता यात चीड आणणारी गोष्ट काय तर वाकड-हिंजवडी पट्ट्यात चांगला फ्लॅट रिकामा कितीसा राहतो. समजा १० ऑक्टोबरला नवीन माणूस राहायला आला, तर मालकाला त्याचंही भाडं चालू आणि तुमचे ४८ हजारही खिशात. कायदा याला आंधळा नाहीये. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७४ असं सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, ती आपोआप पूर्ण मिळतेच असं नाही. आणि नुकसान कमी करायला त्याला काय करता आलं असतं तेही धरतात. पण हे सगळं कोर्टात बोलायचं असतं. ४८ हजारांसाठी दिवाणी दावा लावणारा लायसन्सी क्वचितच भेटतो, आणि मालकाला हे पक्कं माहीत असतं. म्हणून कलम ७४ वर भरवसा ठेवण्यापेक्षा करारातच एक वाक्य घाला.

ते वाक्य साधारण असं, "लायसन्सीने लॉक-इन मुदतीत एक महिन्याची लेखी नोटीस देऊन जागा सोडल्यास तो फक्त नवीन लायसन्सी येईपर्यंतच्या दिवसांची किंवा एका महिन्याची लायसन्स फी, यातील कमी असेल ती देईल." हे लिहिलेलं असतं तर वरच्या हिशेबात तुम्ही ऑक्टोबरच्या नऊ दिवसांचे दिले असते, २४ हजार भागिले ३१ गुणिले ९, साधारण सात हजार. आणि नवीन माणूस लगेच नाही मिळाला तरी जास्तीत जास्त २४ हजार. बहुतेक मालक एक महिन्याला तयार होतात कारण त्यांची खरी भीती घर रिकामं राहण्याची असते, तुम्हाला लुटायची नाही. हे नाहीच मानलं तर निदान लॉक-इन तीन महिन्यांवर आणा, आणि बदली किंवा नोकरी गेल्याचं कंपनीचं पत्र दाखवलं तर लॉक-इन लागू नाही अशी ओळ मागा. जोडीला "नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल" हे पाच शब्द, त्यावर सहसा कोणी वाद घालत नाही.

लॉक-इनमध्येच एक कोपरा राहतो, मालकाने फ्लॅट विकला तर? इथे लायसन्सी असण्याचा तोटा दिसतो. भारतीय सुखाधिकार कायदा १८८२, कलम ५९, घर घेणारा नवा मालक जुन्या मालकाने दिलेल्या लायसन्सला बांधील नसतो. म्हणजे तुमचं लॉक-इन, तुमचे उरलेले महिने, सगळं जुन्या मालकाशी, जो पैसे घेऊन निघून गेलाय आणि तुमचं डिपॉझिटही त्याच्याचकडे. म्हणून लिहून घ्यायचं की विक्री करायची असेल तर दोन महिन्यांची लेखी नोटीस आणि ताबा द्यायच्या दिवशी पूर्ण डिपॉझिट. थंबच्या वेळी सरळ विचारा, फ्लॅट विकायला लावलाय का. वीकेंडला गिऱ्हाईकं घर बघायला यायला लागली की मग कळण्यात अर्थ नाही.

आता मेंटेनन्स, आणि इथे आधी एक गोंधळ सोडवू. मेंटेनन्स म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी, एक सोसायटीचं बिल आणि दुसरी घरातली दुरुस्ती. ड्राफ्टमध्ये दोन्हीला तोच शब्द वापरलेला असतो आणि "ॲज ॲप्लिकेबल" किंवा "ॲट ॲक्चुअल्स लायसन्सीने द्यावे" लिहिलं की दोन्ही तुमच्या गळ्यात.

सोसायटीच्या बिलाबद्दल गंमत अशी की मूळ साच्यात ओळ तुमच्या बाजूची आहे, की सर्व कर, आकार, मेंटेनन्स, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मालक भरेल. तुमच्या ड्राफ्टमध्ये ती नाही म्हणजे कोणीतरी ती बदललीय, स्टँडर्ड वगैरे काही राहिलेलं नाही. लायसन्सीने मेंटेनन्स द्यायचा असं दोघांत ठरायला हरकत काहीच नाही, पुण्यात तशी पद्धतही बरीच आहे, पण मग ते भाड्यात धरून सौदा करायचा आणि आकडा लिहायचा.

मालकाकडून सोसायटीचं मागच्या महिन्याचं बिल मागा. बिलात काय काय असतं बघा, समजा सर्व्हिस चार्जेस २,२००, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मिळून ४५०, पार्किंग १५०, नॉन-ऑक्युपन्सी २२०, एकूण ३,०२०. यातले सर्व्हिस चार्जेस म्हणजे वॉचमन, सफाई, लिफ्टची वीज वगैरे, त्याचा उपभोग तुम्ही घेताय, तुम्ही द्या. पार्किंग वापरत असाल तर तेही. पण दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बिल्डिंगच्या पुढच्या आयुष्यासाठी जमवतात, वीस वर्षांनी स्लॅबचं काम होईल तेव्हा तुम्ही तिथे नसाल, तो मालकाच्या मालमत्तेचा खर्च आहे. आणि नॉन-ऑक्युपन्सी तर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याला लावते, त्याचं तुमच्याशी काय घेणंदेणं. तो आकारही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. म्हणून वरच्या बिलात २२०. भाड्याच्या इतके टक्के, किंवा भाडेकरू ठेवलाय म्हणून महिना हजार, असं कुठे असेल तर ते मालकाने सोसायटीशी बोलावं.

म्हणजे ३,०२० पैकी तुमच्या वाट्याचे २,३५० झाले. महिन्याला ६७० चा फरक, ११ महिन्यांत ७,३७०. रक्कम प्रचंड नाही. पण "ॲक्चुअल्स" शब्दाचा खरा धोका महिन्याच्या बिलात नसतोच, तो मधेच आलेल्या जादा वर्गणीत असतो. सोसायटीच्या सभेत ठरलं की लिफ्ट बदलायची किंवा बाहेरून रंग द्यायचा, प्रत्येक फ्लॅटमागे पंचवीस हजार, बिलात टाकून दिलं, आणि तुमच्या करारात लिहिलंय सोसायटीचं बिल लायसन्सी भरेल. सभेत तुम्हाला मत नाही आणि बिल मात्र तुमचं. उन्हाळ्यात टँकरचंही तसंच होतं, तुमच्या त्या भागात एप्रिल-मे मध्ये टँकरचा खर्च वेगळा लावणाऱ्या सोसायट्या आहेत, तेव्हा पाण्याचं आधीच विचारून ठेवा, आणि शेजारच्या फ्लॅटवाल्याला विचारा, एजंटला नको.

मला विचाराल तर सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे मेंटेनन्स भाड्यात घेऊन एकच आकडा ठरवायचा, २६,३०० म्हणा, आणि साच्यातली मूळ ओळ परत आणायची की बाकी सगळं मालक भरेल. नाहीतर लिहा, "लायसन्सी सोसायटीच्या सर्व्हिस चार्जेस व पार्किंगपोटी दरमहा रु. २,३५० देईल, इतर सर्व आकार, निधी, विशेष वर्गणी, मालमत्ता कर व नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मालक भरेल." आणि शिफ्टिंग चार्जेस, म्हणजे सामान आत-बाहेर करायचे काही सोसायट्या पैसे घेतात, तेही कोण देणार ते ठरवून टाका, टेम्पो गेटवर उभा असताना वॉचमनशी हुज्जत घालण्यात मजा नाही.

मालकाने मेंटेनन्स थकवला तर काय होतं हेही डोक्यात ठेवा. थकबाकी मालकाची पण पार्किंगचं स्टिकर तुमचं अडवतात. म्हणून थंबच्या आधी थकबाकी नाही असं दाखवणारं सोसायटीचं शेवटचं बिल आणि महावितरणचं शेवटचं भरलेलं बिल हातात घ्या. किल्ली घेतल्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा. मीटर मालकाच्या नावावरच राहतं, त्यामुळे मागच्या माणसाने बिल बुडवलं असेल तर अंधारात तुम्ही बसणार.

आता घरातली दुरुस्ती. ड्राफ्टमध्ये बहुधा "लायसन्सीने जागा सुस्थितीत ठेवावी व सर्व दुरुस्त्या स्वखर्चाने कराव्या" अशी ओळ असेल. "सर्व" हा शब्द काढायला लावा. नळाचा वॉशर, बल्ब, फ्लशची किरकोळ कामं, चोक झालेलं सिंक ही तुमची, वापरातून येणारी. भिंतीच्या आतला पाईप फुटला, वरच्या मजल्यावरून गळती आली, वायरिंग जळालं, गिझरची टाकी फुटली, खिडकीतून पावसाचं पाणी येतंय, ही मालकाची. वाद मधल्या कामांवर होतो, त्याला एक साधा उपाय आहे, रकमेची रेषा. एका वेळच्या कामाला दीड हजारापर्यंत लायसन्सी, त्यावर मालक. आणि पुढची अर्धी ओळ जास्त महत्त्वाची, "मेसेज किंवा ईमेलने कळवल्यावर सात दिवसांत मालकाने काम न केल्यास लायसन्सी ते करून घेईल आणि बिल दाखवून भाड्यातून वळतं करेल." ही ओळ नसताना स्वतःहून भाडं कापलं तर भाडं थकवल्याचा ठपका तुमच्यावर, आणि भाडं थकवणं हे करार रद्द करायचं कारण म्हणून साच्यात आधीच छापलेलं आहे. लोक रागारागात इथेच अडकतात.

डिपॉझिटचं थोडं उरलं. करारात डिपॉझिट किती हे असतंच, पण कधी परत हे बघा. "घर सोडल्यावर" यात तारीख नसते. "रिकामा ताबा व किल्ली देताना त्याच दिवशी" असं हवं, फार तर थकीत लाईट बिलासाठी दोन-तीन हजार आठवडाभर मागे ठेवू द्या. नवीन भाडेकरू आल्यावर परत करू, हे वाक्य दिसलं तर काढायलाच लावा. पेंटिंगचं म्हणाल तर एक महिन्याचं भाडं कापायची वाईट सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ११ महिने राहून भिंत थोडी मळणारच, त्याला नुकसान म्हणत नाहीत. एकतर "सामान्य झीज वगळून" हे शब्द घाला, नाहीतर पेंटिंगची रक्कम आत्ताच ठरवा, म्हणजे निघताना कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन दाखवून वीस हजार मागायला नको. शेवटच्या यादीत पंखे, ट्यूब, गिझर, मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या असतात, तिथे नुसता आकडा न देता स्थिती लिहून घ्या, गिझर जुना, बेडरूमच्या वॉर्डरोबचं बिजागर सैल, वगैरे. आणि किल्ली घेताना रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा.

पैसे मालकाच्याच खात्यात द्या आणि ट्रान्सफरचा नंबर करारात लिहा. एजंटच्या जीपेवर टोकनचे दिलेले पाच हजारही त्यात धरलेत का बघा. फ्लॅटच्या खरेदीचा नोंदणी उतारा, म्हणजे इंडेक्स टू, किंवा टॅक्सची पावती, यावर जे नाव आहे तेच करारात मालक म्हणून असायला हवं, नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर दोघांचा थंब. मालक परदेशात आहे आणि मेहुणा सही करतोय तर कुलमुखत्यारपत्र बघितल्याशिवाय पैसे सोडू नका.

मुदत संपायची तारीखही आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा, तुमची ३० एप्रिल येते. ११ महिन्यांचा करार आपोआप वाढत नाही. मुदत संपून राहिलात आणि नवा करार झाला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो आणि रिकामं करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि ती प्रक्रिया साध्या दाव्यापेक्षा बरीच वेगाने चालते. दोन वर्षं राहायचा विचार असेल तर आत्ताच २२ महिन्यांचा करून दुसऱ्या टप्प्याची वाढ, म्हणजे पाच टक्के म्हणा, त्यातच लिहून घेता येते. फक्त मग लॉक-इन सहाच महिने राहील आणि दर टप्प्याला नव्याने सुरू होणार नाही हे बघा.

खर्चाचं पण सांगतो कारण तिथेही गोलमाल असतो. स्टॅम्प ड्युटी म्हणजे एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, याच्या पाव टक्का. तुमचं ११ महिन्यांचं भाडं २,६४,०००, डिपॉझिटवरचं ६,८७५, त्याचा पाव टक्का म्हणजे ६७७ रुपये, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी एक हजार. वरचं दस्त हाताळणीचं शुल्क आणि घरी येऊन थंब घ्यायची एजंटची फी. कोणी सात-आठ हजार सरकारी खर्च म्हणून सांगत असेल तर चलन मागा. निम्मं-निम्मं करायची पद्धत आहे.

आता परवापर्यंत काय करायचं ते. आज रात्रीच मालकाला थेट, एजंटला कॉपी ठेवून, मेसेज करा की काका, ड्राफ्ट वाचला, चार ठिकाणी शब्द बदलायचेत, आणि वरची वाक्यं तशीच पेस्ट करा. सगळी चार मान्य होतील असं नाही. अडलंच तर मी पार्किंगचे दीडशे सोडेन, पेंटिंगची ठरलेली रक्कम मान्य करेन, पण लॉक-इनमधली एक महिन्याची मर्यादा आणि सोसायटीच्या विशेष वर्गणीची ओळ सोडणार नाही. थंब घ्यायला आलेला माणूस "साहेब, आता सिस्टीममध्ये बदलता येत नाही" म्हणेल. रजिस्ट्रेशनला सबमिट होईपर्यंत ड्राफ्ट बदलता येतो, त्याला नव्याने एंट्री करायचा कंटाळा असतो इतकंच. बदललेला ड्राफ्ट त्याच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उघडून, लॉक-इन, मेंटेनन्स आणि मिसलेनियस ही तीन ठिकाणं पुन्हा वाचूनच अंगठा लावा, कारण व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ आणि सिस्टीममधला मजकूर वेगळा निघालेली प्रकरणं माझ्याकडे आलेली आहेत.